जुन्या वर्गमित्रासाठी काढलेलं एक ओरॅकल कार्ड कसं वाचावं

धरमपेठेतल्या आमच्या केंद्रात येणारे बरेच जण घरी स्वतःच ओरॅकल कार्ड काढतात आणि रात्री फोटो पाठवून विचारतात, "ताई, त्याच्या मनात अजून मी आहे का?" तो म्हणजे बहुतेक वेळा कॉलेजातला वर्गमित्र. त्या सगळ्यांसाठी हे लिहिलं आहे.

टॅरोचे ७८ पत्ते ठरलेले असतात आणि त्यांचे अर्थही बऱ्यापैकी ठरलेले. सिक्स ऑफ कप्स घ्या. १९०९ च्या रायडर-वेट संचात पामेला कोलमन स्मिथ यांनी त्यावर फुलांनी भरलेला पेला पुढे करणारा मुलगा आणि छोटी मुलगी काढली. बालपण, जुनी ओळख, हळवी आठवण हा त्याचा अर्थ जवळपास प्रत्येक रीडर सांगेल. शिवाय तीन पत्त्यांच्या मांडणीत तो 'काल'च्या जागी आला की 'उद्या'च्या, यावरून बोलणं बदलतं.

ओरॅकलमध्ये किती पत्ते आणि त्यांचा अर्थ काय, हे त्या डेकचा निर्माता ठरवतो. एकाच पत्त्याला ना जागा असते, ना शेजारी. त्यामुळे सगळा भार तुमच्या प्रश्नावर येतो.

एका ग्राहक ताईंचं उदाहरण सांगते. कॉलेजच्या ग्रुपवर वर्गमित्राचा फोटो दिसला आणि जुनं सगळं वर आलं. त्यांनी कार्ड काढलं, त्यावर शब्द होता 'पेशन्स', चित्रात बर्फाखाली बी. "म्हणजे वाट पाहू, तो येईल," असं त्यांनी ठरवलं. पण खात्री वाटेना म्हणून लगेच दुसरं काढलं, मग तिसरं. दुसरं निघालं 'लेट गो', तिसरं 'न्यू बिगिनिंग'. आमच्याकडे आल्या तेव्हा तीन कार्डांत पुरत्या अडकलेल्या होत्या, आणि सगळा वेळ तो गुंता सोडवण्यात गेला.

नेमकी हीच चूक टाळा. मनासारखं उत्तर येईपर्यंत पत्ते काढत राहिलात, तर पहिल्या पत्त्याचं वाचन होतच नाही.

आम्ही पहिलंच कार्ड घेतलं आणि प्रश्न बदलला: "ही आठवण माझ्याकडून काय मागते आहे?" शब्दाआधी चित्र पाहायला सांगितलं. त्यांना बी दिसलंच नव्हतं, फक्त बर्फ दिसला होता. मग पुस्तिकेतला अर्थ वाचला. त्यात दुसऱ्या कुणाच्या येण्याबद्दल अक्षरही नव्हतं. घाईने मेसेज करू नये, आधी आपलं मन निवळू द्यावं, एवढंच त्या कार्डातून निघत होतं.

दुसऱ्याच्या मनातलं आम्ही सांगत नाही. काहींना ते आवडत नाही, तरी आमची पद्धत हीच आहे, कारण समोर पत्ता तुमचा असतो, त्याचा नसतो.

कालचं, आजचं आणि पुढचं वेगवेगळं पाहायचं असेल तर एका कार्डाला ताणू नका. त्यासाठी टॅरोची तीन पत्त्यांची बैठक घ्या, ती आमच्याकडे होते. ओरॅकलसाठी येताना पहिल्याच कार्डाचा फोटो, डेकची पुस्तिका आणि कार्ड काढण्याआधी कागदावर लिहिलेला प्रश्न सोबत आणा.