आरए बिलातलं रिटेन्शन आणि टीडीएस: दोन्ही कापतात, पण 'आधी दिलेल्या'त एकच धरायचं

कॉन्ट्रॅक्टरचं आरए बिल म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने येणारं रनिंग बिल पुढ्यात आलं की खालच्या भागात दोन कपाती शेजारीशेजारी बसलेल्या दिसतात, एक रिटेन्शन आणि एक टीडीएस. चेक किती रुपयांचा काढायचा एवढंच बघायचं असेल तर दोन्ही सारख्याच, दोघांनीही आकडा खालीच येतो. घोळ होतो तो पुढच्या बिलात, जेव्हा 'आधी दिलेलं पेमेंट' वजा करायची वेळ येते, आणि तिथे मग कोणी बँकेत गेलेली रक्कम घालतं तर कोणी मागच्या बिलांची पूर्ण रक्कम घालतं, आणि दोन्ही बिलं वरवर एकदम व्यवस्थित दिसतात.

मुळात फरक असा की रिटेन्शन म्हणजे आपण अजून न दिलेले पैसे. काम झालंय, मोजमाप मान्य आहे, पण डिफेक्ट लायबिलिटीचा काळ संपेपर्यंत किंवा करारात लिहिलं असेल तेव्हापर्यंत ते आपल्याकडेच राहतात आणि आपल्या पुस्तकात ते देणं म्हणून उभे असतात. टीडीएसचं उलटं आहे, ते पैसे आपण दिलेलेच आहेत, फक्त कॉन्ट्रॅक्टरच्या हातात न देता त्याच्या पॅनवर सरकारजमा केलेत आणि तो ते आपल्या रिटर्नमध्ये क्लेम करणार. म्हणजे कॉन्ट्रॅक्टरच्या दृष्टीने टीडीएस मिळाला आणि रिटेन्शन मिळायचंय. ही एक गोष्ट डोक्यात पक्की असली की बाकीचं गणित फार अवघड नाही.

आता एक बिल घेऊन बघू. कॉन्ट्रॅक्टर कंपनी आहे म्हणून टीडीएस २ टक्के (एकटा माणूस किंवा एचयूएफ असता तर १ टक्का), करारात रिटेन्शन ५ टक्के, आणि आकडे जीएसटी सोडून. हे तिसरं आरए बिल. आजपर्यंतचं एकूण काम ३०,००,००० रुपयांचं, त्यातलं २०,००,००० पहिल्या दोन बिलांत आलेलं, म्हणजे या बिलाचं काम १०,००,०००. पहिल्या दोन बिलांत रिटेन्शन १,००,००० धरलं, टीडीएस ४०,००० भरला आणि बँकेतून १८,६०,००० गेले.

कॉन्ट्रॅक्टरकडून आलेला हिशोब बऱ्याचदा असा असतो: एकूण काम ३०,००,०००, त्यातून पाच टक्के रिटेन्शन १,५०,००० वजा, राहिले २८,५०,०००. आधी मिळालेले १८,६०,००० वजा, राहिले ९,९०,०००. या बिलाचा टीडीएस २०,००० वजा, द्यायचे ९,७०,०००. वाचताना कुठेच खटकत नाही, कारण १८,६०,००० हा आकडा बँक स्टेटमेंटला पैशापैशाने जुळतो, आणि तपासणारा तिथेच समाधान मानून टिक मारतो. पण या हिशोबात मागचे ४०,००० कधी दिलेच नाहीत असं धरलंय. प्रत्यक्षात ते त्याच्या नावावर जमा झालेत, त्याच्या २६एएस मध्ये दिसतायत, आणि आता तेच पुन्हा रोख मिळणार. मुद्दाम केलेलं असतं असं नाही, त्याच्या ऑफिसातला माणूस आपल्या पासबुकावरून हिशोब मांडतो आणि त्याच्या पासबुकात टीडीएस येतच नाही.

बरोबर हिशोबात 'आधी दिलेलं' म्हणजे १८,६०,००० अधिक ४०,०००, एकूण १९,००,०००. मग २८,५०,००० वजा १९,००,००० म्हणजे ९,५०,०००, त्यातून टीडीएस २०,००० गेले की ९,३०,०००. हाच आकडा नुसत्या या बिलाच्या १०,००,००० वरून काढून बघा, ५०,००० रिटेन्शन आणि २०,००० टीडीएस काढले तरी ९,३०,०००च येतात.

दुसरी चूक उलट दिशेची आहे आणि ती बहुधा आपल्याच अकाउंट्सकडून होते. एकूण कामावर पूर्ण १,५०,००० रिटेन्शन कापायचं आणि वर मागची बिलं म्हणून अख्खे २०,००,००० वजा करायचे. त्या वीस लाखांत मागचं एक लाख रिटेन्शन आधीच बसलेलं आहे, ते दिलेलं नसताना दिलं असं धरलं गेलं, म्हणजे तेच रिटेन्शन दोनदा कापलं. द्यायचे निघतात ८,३०,००० आणि मग कॉन्ट्रॅक्टर साईटवर येऊन भांडतो, त्याचं बरोबरच असतं. मागची बिलं पूर्ण रकमेने वजा करायची तर रिटेन्शनही फक्त या बिलाचंच घ्यायचं. रिटेन्शन आजपर्यंतचं घ्यायचं तर मागचं फक्त दिलेलं वजा करायचं. दोन पद्धती एकाच बिलात मिसळल्या की घोळ नक्की.

म्हणूनच तफावत निघाली की आधी ती किती आहे ते बघायचं. ती बरोबर मागच्या एकूण टीडीएसएवढी असेल तर टीडीएस 'दिलेल्या'त धरायचा राहिलाय, बरोबर मागच्या रिटेन्शनएवढी असेल तर रिटेन्शन दोनदा कापलंय. सहीआधी मी एकच ओळ मांडून बघतो: बँकेतून गेलेले, भरलेला टीडीएस आणि धरलेलं रिटेन्शन, तिन्ही आजपर्यंतचे, यांची बेरीज एकूण कामाएवढी आली पाहिजे. इथे २७,९०,००० अधिक ६०,००० अधिक १,५०,००० म्हणजे बरोबर ३०,००,०००. यातला टीडीएसचा आकडा मात्र बिलावरून उचलायचा नाही, चलन आणि तिमाही रिटर्नवरून घ्यायचा, कारण बिलात कापला आणि भरलाच नाही असंही होतं, आणि मग 'आपण दिलेच' हे म्हणणंच खोटं पडतं.

एक प्रश्न हमखास येतो, टीडीएस १०,००,००० वर का, हातात तर रिटेन्शन वजा जाऊन ९,५०,०००च जातायत ना? कायद्याच्या भाषेत टीडीएस रक्कम खात्यात जमा केली किंवा प्रत्यक्ष दिली, यातलं जे आधी होईल तेव्हा कापायचा. पूर्ण बिल पुस्तकात कॉन्ट्रॅक्टरच्या नावे जमा टाकलं की कपातही पूर्ण बिलावर, आणि रिटेन्शन वेगळ्या नावाच्या खात्यात ठेवलं म्हणून सुटका होत नाही, सस्पेन्स खातं असलं तरी कायदा ते जमाच धरतो. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर त्याच्यावर हा टीडीएस नाही. उचल दिली असेल तर तिच्यावरचा टीडीएस उचल देतानाच कापायचा असतो, तेव्हा ती बिलातून वसूल करताना तेवढ्या रकमेवर पुन्हा कापू नका.

याचा शेवटचा परिणाम दिसतो रिटेन्शन सोडताना. टीडीएस प्रत्येक बिलात पूर्ण रकमेवर कापला असेल तर रिटेन्शन पूर्ण द्यायचं, त्यावर परत दोन टक्के कापायचे नाहीत. त्यामुळे रिटेन्शन सोडण्याच्या नोटवरच 'टीडीएस आरए बिलांत कापलेला आहे' असं लिहून चलनांचे नंबर जोडून ठेवा, कारण दीड-दोन वर्षांनी ते पैसे सोडायची वेळ येते तेव्हा अकाउंट्सला बसलेला माणूस बहुधा नवीन असतो आणि तो समोर पेमेंट दिसलं की टीडीएस लावतोच.