क्लिपर की मार्लिन : आपल्या प्रिंटरच्या रोजच्या ट्यूनिंगमध्ये नेमके काय बदलते

आमच्याकडून एंडर ३ किंवा त्याच धर्तीचा थ्रीडी प्रिंटर घेतलेले ग्राहक वर्ष-सहा महिन्यांनी हमखास विचारतात, की मूळचे मार्लिन हे फर्मवेअर, म्हणजे प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर, काढून त्याऐवजी क्लिपर घालावे का. त्या प्रश्नाचे उत्तर शांतपणे वाचता यावे, म्हणून हे माहितीपत्रक तयार केले आहे. उदाहरण म्हणून आम्ही ४.२.२ क्रमांकाचा ३२-बिट बोर्ड आणि लांब नळीतून फिलामेंट ढकलणारा, म्हणजेच बोडन पद्धतीचा एक्स्ट्रुडर असलेला एंडर ३ घेतला आहे, कारण आमच्या बहुतेक ग्राहकांकडे हीच जोडणी आहे.

मार्लिन २०११ पासून वापरात आहे आणि ते संपूर्णपणे प्रिंटरच्या बोर्डावरील चिपमध्ये चालते. जी-कोड वाचणे, वेगाचे गणित करणे आणि मोटरला प्रत्येक पाऊल टाकायला लावणे ही सारी कामे ती एकच चिप करते. केविन ओ'कॉनर यांनी सुरू केलेल्या क्लिपरमध्ये हे काम दोन ठिकाणी वाटलेले असते. गणित रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक करतो आणि 'अमुक क्षणी अमुक पाऊल' असे वेळापत्रक बोर्डाकडे पाठवतो. बोर्ड ते फक्त पाळतो. त्यामुळे क्लिपरसाठी एक जादा संगणक, त्याचा स्वतंत्र व भक्कम वीजपुरवठा आणि चांगली यूएसबी केबल लागते. पुरवठा कमजोर असेल किंवा केबल सैल असेल, तर प्रिंट मध्येच थांबून पडद्यावर `Lost communication with MCU` असा संदेश येतो. असा संदेश दिसल्यास सेटिंग बदलत बसू नये. आधी केबल आणि अ‍ॅडॅप्टर तपासावा.

रोजच्या वापरात मात्र खरा फरक गणित कोण करते यापेक्षा आपण ठरवलेला आकडा कुठे राहतो, यामुळे पडतो. मार्लिनमध्ये काही आकडे फर्मवेअर तयार करतानाच त्यात बसवलेले असतात, तर काही बोर्डाच्या कायम स्मृतीत म्हणजे ईईप्रॉममध्ये साठवले जातात आणि आज्ञा देऊन बदलता येतात. क्लिपरमध्ये जवळपास सर्व आकडे `printer.cfg` या साध्या मजकूर-फाइलमध्ये असतात. ती ब्राउझरमध्ये उघडायची, आकडा बदलायचा आणि `RESTART` द्यायचे, एवढेच काम असते. मार्लिनमध्ये एखादी सुविधा मुळातच घातलेली नसेल, तर फर्मवेअर नव्याने तयार करून एसडी कार्डावरून बोर्डात चढवावे लागते. त्यातही एक अडचण वारंवार येते : नव्या फर्मवेअरमध्ये आकडा बदललेला असतो, पण ईईप्रॉममधला जुना आकडा त्याच्यावर मात करतो आणि ग्राहकाला वाटते की बदल झालाच नाही. त्यासाठी फर्मवेअर चढवल्यावर एकदा `M502` आणि नंतर `M500` द्यावे. मात्र यामुळे पूर्वी जपलेले सर्व आकडे मूळ स्थितीत जातात, म्हणून आधी `M503` देऊन आलेली यादी जतन करून ठेवावी.

एक्स्ट्रुडरच्या मापाचे उदाहरण पाहू. नोझल तापवून, एक्स्ट्रुडरच्या तोंडापासून मागे १२० मि.मी. अंतरावर फिलामेंटवर खूण करावी आणि १०० मि.मी. फिलामेंट सावकाश पुढे सरकवावे. खूण तोंडापासून २० मि.मी.वर राहायला हवी. ती २३ मि.मी.वर राहिली, तर प्रत्यक्षात ९७ मि.मी.च फिलामेंट आत गेले. मार्लिनमध्ये एका मिलिमीटरला किती पावले हा आकडा असतो. तो ९३ असेल, तर ९३ ला १०० ने गुणून ९७ ने भागावे, उत्तर ९५.८८ येते.

```
M92 E95.88
M500
```

क्लिपरमध्ये पावलांऐवजी `rotation_distance` असते, म्हणजे मोटरचा एक पूर्ण फेरा झाल्यावर फिलामेंट किती मिलिमीटर सरकते. एका फेऱ्यात २०० पूर्ण पावले आणि प्रत्येक पावलाचे १६ भाग, म्हणून ३२०० ला ९३ ने भागले की ३४.४०९ येते. आता दुरुस्ती उलट दिशेने करायची असते : ३४.४०९ ला ९७ ने गुणून १०० ने भागावे, म्हणजे ३३.३७७. आकडा कमी केल्यावर फिलामेंट जास्त येते, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला विचित्र वाटते, आणि मार्लिनची सवय असलेली व्यक्ती येथे हटकून उलटा गुणाकार करते. दुरुस्तीनंतर फिलामेंट आणखी कमी येऊ लागले, तर चूक हीच आहे असे समजावे.

अशीच दुसरी उलट गोष्ट बेडची उंची मोजणाऱ्या प्रोबविषयी आहे, आणि तिच्यामुळे प्रिंट वाया जाऊ शकते. बीएलटचसारख्या प्रोबचे झेड अंतर मार्लिनमध्ये उणे लिहिले जाते, उदाहरणार्थ `M851 Z-2.40`. तेच अंतर क्लिपरच्या फाइलमध्ये `z_offset: 2.40` असे अधिक लिहायचे असते. उणे चिन्हासह उतरवल्यास नोझल बेडपर्यंत पोहोचतच नाही. क्लिपर घातल्यानंतर पहिल्यांदा झेड होम करताना हात प्रिंटरच्या बटणावर ठेवावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

आता सर्वांत उपयोगी विषयाकडे येऊ. कोपऱ्यांवर प्लास्टिक फुगलेले दिसते आणि रेषेच्या सुरुवातीला मात्र ती बारीक येते, ही बोडन प्रिंटरची जुनी तक्रार आहे. नळी लांब असल्यामुळे फिलामेंट तिच्यात थोडे दबते. कोपऱ्याजवळ हेड मंदावते, पण नोझलमधला दाब लगेच उतरत नाही, म्हणून जादा प्लास्टिक बाहेर येते. वेग पुन्हा वाढताना दाब तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून रेष कमी भरते. यावर उपाय दोन्ही फर्मवेअरमध्ये आहे. मार्लिन त्याला लिनिअर अ‍ॅडव्हान्स म्हणते आणि क्लिपर प्रेशर अ‍ॅडव्हान्स. तत्त्व एकच आहे, ते म्हणजे वेग वाढताना फिलामेंट थोडे जास्त ढकलायचे आणि वेग कमी होताना थोडे मागे घ्यायचे. म्हणून 'ही सुविधा फक्त क्लिपरमध्ये आहे' हा समज बरोबर नाही. फरक आहे तो ती मिळवण्याच्या वाटेत.

मार्लिनवर आधी `M503` द्यावे आणि आलेल्या यादीत `M900` आहे का ते पाहावे. नसेल तर आपल्या फर्मवेअरमध्ये ही सुविधा घातलेलीच नाही. ती असलेले फर्मवेअर तयार करून चढवावे लागेल. शिवाय या बोर्डांवरील मोटर चालवणाऱ्या शांत चिपा, विशेषतः टीएमसी २२०८, लिनिअर अ‍ॅडव्हान्समधल्या झटपट उलट-सुलट हालचालीत एक्स्ट्रुडरची मोटर अडकवू शकतात. प्रिंट चालू असताना अचानक फिलामेंट येणे बंद झाले आणि नोझल तुंबलेली नसेल, तर या कारणाचा विचार करावा.

क्लिपरवर ही सुविधा आधीपासूनच असते. चाचणीसाठी एक पोकळ चौकोनी मनोरा १०० मि.मी. प्रतिसेकंद वेगाने, आत भरण न ठेवता, जाड थरांत छापायचा असतो. ०.४ मि.मी.च्या नोझलसाठी थर ०.३ मि.मी. घ्यावा. प्रिंट सुरू करण्यापूर्वी पुढील आज्ञा द्याव्यात :

```
SET_VELOCITY_LIMIT SQUARE_CORNER_VELOCITY=1 ACCEL=500
TUNING_TOWER COMMAND=SET_PRESSURE_ADVANCE PARAMETER=ADVANCE START=0 FACTOR=.020
```

यामुळे उंचीच्या प्रत्येक मिलिमीटरला आकडा ०.०२० ने वाढत जातो. मनोरा तयार झाला की उजेडात धरून चारही कोपरे पाहावेत. खाली कोपरे फुगलेले असतात, वर जाताना ते नीट होत जातात आणि आणखी वर कोपऱ्याजवळ खळगे किंवा तुटक रेषा दिसू लागतात. जिथे कोपरा सर्वांत स्वच्छ आहे, ती उंची कॅलिपरने मोजावी. समजा ती २८.५ मि.मी. आली, तर २८.५ गुणिले ०.०२० म्हणजे ०.५७. दोन उंचींमध्ये निवड करता येत नसेल, तर कमी उंची धरावी, कारण जास्त आकड्याने एक्स्ट्रुडरवर ताण येतो. मिळालेला आकडा `[extruder]` या भागात लिहावा :

```
pressure_advance: 0.57
```

नंतर `RESTART` दिल्यावर चाचणीसाठी कमी केलेला प्रवेगही मूळ जागी येतो. हा आकडा ज्या फिलामेंटवर काढला त्यापुरताच खरा असतो. पीएलएसाठी काढलेला आकडा पीईटीजीला लागू होईलच असे नाही, म्हणून स्लायसरमधील त्या-त्या फिलामेंटच्या सुरुवातीच्या जी-कोडमध्ये क्लिपरसाठी `SET_PRESSURE_ADVANCE ADVANCE=0.57` आणि मार्लिनसाठी `M900 K0.57` अशी ओळ ठेवणे आम्हाला अधिक योग्य वाटते. आकडा बसल्यावर रिट्रॅक्शनही पुन्हा तपासावे. बहुधा ते थोडे कमी करता येते.

कडांच्या बाजूने उमटणाऱ्या लाटा घालवणारी इनपुट शेपिंगची सोय आता मार्लिनमध्येही २.१.२ आवृत्तीपासून `M593` या आज्ञेने मिळते. क्लिपरमध्ये शेपरचे अधिक प्रकार आहेत आणि एडीएक्सएल३४५ हा कंपनमापक जोडून मोजणी आपोआप करता येते, ही त्याची निःसंशय जमेची बाजू आहे. तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. नोझलमध्ये दर सेकंदाला जेवढे प्लास्टिक वितळते, त्यापलीकडे कोणतेही फर्मवेअर वेग नेऊ शकत नाही. एंडर ३ च्या मूळ हॉटएंडवर फक्त क्लिपर घालून प्रिंटचा वेळ निम्मा होईल, अशी अपेक्षा ठेवू नये.

क्लिपरकडे वळल्यावर स्लायसरमधील जुना सुरुवातीचा जी-कोड तसाच ठेवता येत नाही. `G29` आणि `M420 S1` या आज्ञा क्लिपर ओळखत नाही; त्यांच्या जागी `BED_MESH_CALIBRATE` आणि `BED_MESH_PROFILE LOAD=default` येतात. तो `Unknown command` एवढेच म्हणून पुढे जातो, प्रिंट थांबवत नाही. त्यामुळे बेडचा नकाशा लागू न होताच प्रिंट सुरू होते आणि पहिला थर एका कोपऱ्यात चिकटत नाही. तसेच `SAVE_CONFIG` दिल्यावर क्लिपर आकडे फाइलच्या तळाशी `#*#` अशा खुणेच्या ओळींत लिहितो आणि वरची जुनी ओळ निष्क्रिय करतो. ती वरची ओळ बदलून काही होत नाही. ही आज्ञा फर्मवेअर पुन्हा सुरू करते, म्हणून प्रिंट चालू असताना ती देऊ नये.

वीज जाण्याचा प्रश्न मात्र आपल्याकडे टाळून चालणार नाही. मार्लिनमध्ये वीज गेल्यावर प्रिंट पुढे चालू करण्याची सोय आहे, क्लिपरमध्ये ती मुळात नाही. बेड थंड होऊन वस्तू सुटली, तर मार्लिनचाही उपयोग होत नाही हे खरे. पण दहा मिनिटांत वीज परतली तर लांबलेली प्रिंट वाचू शकते. शिवाय रास्पबेरी पायचे मेमरी कार्ड अचानक वीज गेल्याने खराब होऊ शकते, म्हणून `printer.cfg` ची प्रत दुसऱ्या संगणकावर ठेवावी आणि रास्पबेरी पाय नेहमी रीतसर बंद करावा. ज्या भागात वीज वारंवार जाते आणि यूपीएस नाही, तेथील ग्राहकांना आम्ही मार्लिनवरच राहण्याचा सल्ला देतो. जे आठवड्याला दोन-तीन प्रकारचे फिलामेंट वापरतात आणि स्वतः चाचण्या करतात, त्यांना क्लिपरचा उपयोग नक्की होईल.

बदल आमच्याकडून करून घ्यायचा असल्यास प्रिंटर आणण्यापूर्वी `M503` ची यादी जतन करावी, बोर्डावर छापलेला क्रमांक पाहून ठेवावा आणि मूळ फर्मवेअरची फाइल असल्यास सोबत आणावी, म्हणजे परत मार्लिनवर जायचे झाले तर अडचण येणार नाही. एंडर ३ व्ही२ चा रंगीत पडदा क्लिपरवर थेट चालत नाही, त्यामुळे तो प्रिंटर असलेल्यांनी पुढे फोनवरून किंवा संगणकावरून चालवण्याची तयारी ठेवावी.