अर्भकांमधील डिगॉक्सिनचा डोस

डिगॉक्सिन हे डिजिटॅलिस लॅनाटा या वनस्पतीपासून मिळणारे हृदयाचे औषध आहे. हृदयाच्या कप्प्यांमधल्या पडद्याला मोठे छिद्र असल्यामुळे दमलेल्या हृदयासाठी, काही प्रकारच्या अतिजलद ठोक्यांसाठी, तसेच एकच कार्यक्षम कप्पा असलेल्या बाळांना पहिल्या आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या मधल्या काळात ते दिले जाते. उपयोगी पडणारा डोस आणि विषारी ठरणारा डोस यांत फार थोडे अंतर असते, त्यामुळे ते मिलिग्रॅममध्ये नव्हे तर मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम.

साठ किलोच्या प्रौढाला दिवसाला २५० मायक्रोग्रॅमची एक गोळी मिळाली, तर किलोमागे साधारण ४ मायक्रोग्रॅम पडतात, आणि अनेकांना त्याच्या निम्म्यातच भागते. एक महिना ते दोन वर्षे वयाच्या बाळासाठी मात्र तक्त्यांमध्ये तोंडाने द्यायचा रोजचा डोस किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम असा दिलेला असतो. यातली वरची मर्यादा जुन्या काळातली आहे आणि आज बरेच बालहृदयरोगतज्ज्ञ १० च्या आसपास थांबतात. तरीही हा डोस प्रौढाच्या अडीचपट होतो. पहिल्यांदा हिशेब करणाऱ्याला हा आकडा चुकलाय असेच वाटते.

किलोमागे जास्त का

लहान जीव औषध चांगले ‘सोसतो’ म्हणून त्याला जास्त देतात, असे अजूनही सांगितले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे आणि धोकादायकही, कारण त्यातून बाळाच्या बाबतीत चुकीला जास्त वाव आहे असा समज होतो. खरी कारणे दोन आहेत. औषध शरीरात कुठे जाऊन बसते हे एक, आणि ते किती वेगाने बाहेर पडते हे दुसरे.

डिगॉक्सिन रक्तात फारसे थांबत नाही. पेशींच्या आवरणावर सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो, त्याला ते चिकटते. हृदयाच्या पेशीत हा पंप मंदावला की आत सोडियम साठते, त्यापाठोपाठ कॅल्शियम वाढते आणि आकुंचनाला जोर येतो. हाच पंप हाडांना जोडलेल्या स्नायूंत, मूत्रपिंडात आणि तांबड्या पेशींवरही असतो. बाळाच्या ऊतींमध्ये डिगॉक्सिन प्रौढापेक्षा जास्त प्रमाणात शोषले जाते. नवजात बाळाच्या तांबड्या पेशींवर औषध धरून ठेवणाऱ्या जागाही प्रौढापेक्षा अधिक आढळतात. म्हणून औषध जणू किती मोठ्या जागेत पसरले आहे हे सांगणारा वितरणाचा आकडा प्रौढात किलोमागे साधारण ७ लिटर असतो, तर काही महिन्यांच्या बाळात तो १६ लिटरपर्यंत जातो. भांडे मोठे असेल तर तेवढ्याच दाट द्रावणासाठी मीठही जास्त लागते, तसाच हा प्रकार आहे.

दुसरे कारण मूत्रपिंड. डिगॉक्सिन बहुतांशी लघवीवाटे, मूळ रूपातच बाहेर जाते. पहिल्या काही महिन्यांत मूत्रपिंड झपाट्याने परिपक्व होते, आणि वजनाच्या मानाने पाहिले तर ते प्रौढापेक्षाही जोरात औषध बाहेर टाकू लागते. शरीरातले औषध निम्मे व्हायला प्रौढात ३६ ते ४८ तास लागतात, अर्भकात १८ ते २५ तास. पातळी इतक्या लवकर उतरत असल्यामुळे लहान मुलांना दिवसाचा डोस एकदम न देता बारा तासांच्या अंतराने दोन भागांत देतात.

याच कारणांमुळे ‘बाळाला जास्त’ हा नियम सगळ्या बाळांना लागू पडत नाही. जन्माच्या वेळी मूत्रपिंड अजून कच्चे असते. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळात औषध निम्मे व्हायला ३५ ते ४५ तास लागतात, अकाली जन्मलेल्या बाळात ६० तास किंवा त्याहूनही जास्त. त्यामुळे रोजचा डोस अकाली बाळाला किलोमागे ५ ते ७.५, पूर्ण दिवसांच्या नवजाताला ८ ते १० मायक्रोग्रॅम इतकाच असतो. महिन्यानंतर तो वर जातो, दोन वर्षांनंतर पुन्हा उतरू लागतो आणि दहा वर्षांच्या पुढे प्रौढाच्या जवळ, म्हणजे २.५ ते ५ वर येतो. आलेख डोंगरासारखा आहे, उतरत्या जिन्यासारखा नाही. अकाली बाळात आणखी एक अडचण असते. औषधाची पातळी स्थिर व्हायला निम्मे होण्याच्या कालावधीच्या पाचपट वेळ लागतो. मोठ्या अर्भकात ते चार-पाच दिवसांत होते, अकाली बाळात बारा दिवसांहून अधिक लागतात. डोस थोडासा जास्त असेल तर पहिला आठवडा सगळे ठीक दिसते आणि दुसऱ्या आठवड्यात ठोके मंदावतात.

वरचे सर्व आकडे तोंडाने द्यायच्या औषधाचे आहेत. शिरेतून देताना ते तीन-चतुर्थांशाच्या आसपास आणावे लागतात, कारण पोटातून सगळे औषध रक्तात पोचत नाही. परिणाम लवकर हवा असेल तर सुरुवातीला भरणा डोस देतात. त्याचा अर्धा भाग आधी आणि उरलेले दोन पाव भाग सहा ते आठ तासांच्या अंतराने देतात, तेही प्रत्येक वेळी ठोके पाहून.

एक हिशेब, आणि तो कुठे चुकतो

तीन महिन्यांचे, ४ किलो वजनाचे बाळ समजा. पडद्याला छिद्र आहे, लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड चालू आहे आणि मूत्रपिंड व्यवस्थित आहे. डॉक्टरांनी किलोमागे १० मायक्रोग्रॅम ठरवले. दिवसाचे ४० मायक्रोग्रॅम झाले, म्हणजे प्रत्येक वेळी २०. लहान मुलांसाठीच्या पातळ औषधात साधारणपणे एका मिलीलिटरमध्ये ५० मायक्रोग्रॅम असतात, म्हणून २० भागिले ५० = ०.४ मिली. एक मिलीच्या सिरिंजमध्ये हे अर्ध्याच्याही खाली येते. चमच्याने ते मोजताच येणार नाही. बाटलीवरची तीव्रता दर वेळी वाचायला हवी, कारण प्रौढांच्या इंजेक्शनमध्ये एका मिलीत २५० मायक्रोग्रॅम असतात.

आता ०.४ मधला बिंदू पुसट झाला आणि कुणी ४ मिली दिले. बाळाला एका वेळी २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे किलोमागे ५० मिळाले. हा जवळपास संपूर्ण भरणा डोस एका घोटात गेला. बारा तासांनी तीच चूक पुन्हा झाली, तर एकूण किलोमागे १०० मायक्रोग्रॅम होतात. मुलांमध्ये प्रतिविषाचा विचार करण्यासाठी जी पोटात गेलेल्या औषधाची मर्यादा सांगितली जाते, ती नेमकी हीच आहे. दशांश चिन्ह सरकल्याने होणारी ही दहापट चूक या औषधातली सर्वांत घातक चूक आहे. म्हणूनच डोस मायक्रोग्रॅम आणि मिली अशा दोन्ही एककांत लिहितात, बिंदूआधी शून्य घालतात, पूर्ण आकड्यानंतर ‘.०’ लावत नाहीत आणि दोघांनी वेगवेगळा हिशेब करून ताळा पाहतात.

घरी देताना अडचणी वेगळ्या असतात. औषध दुधाच्या बाटलीत मिसळले आणि बाळाने अर्धे दूध टाकले, तर किती औषध गेले हे कुणालाच सांगता येत नाही; म्हणून ते सिरिंजने थेट गालाच्या आत सोडावे. दिल्यावर बाळाने उलटी केली तर डोस पुन्हा देऊ नये. काही औषध आत गेलेलेच असते, आणि ती उलटीच विषबाधेची खूण असू शकते. विसरलेला डोस भरून काढण्यासाठी पुढच्या वेळी दुप्पट देणे तर कटाक्षाने टाळावे.

विषबाधेची लक्षणे

प्रौढ माणूस मळमळ, अन्नावरची वासना जाणे, पिवळसर दिसणे किंवा दिव्यांभोवती वलये दिसणे अशी तक्रार करतो. बाळ यातले काही सांगू शकत नाही, आणि त्याच्यात पहिली खूण बहुधा हृदयाच्या तालातच उमटते. ठोके मंदावतात, वरच्या कप्प्यातून खाली जाणारा संदेश रेंगाळतो किंवा मधेच अडतो. आधीच आजारी असलेल्या प्रौढ हृदयात खालच्या कप्प्यातून जादा ठोके येणे जास्त दिसते; अर्भकात ते कमी वेळा दिसते, पण दिसले तर गंभीर. डिगॉक्सिन चालू असलेल्या बाळात नवीन तालबिघाड दिसला, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो डिगॉक्सिनमुळेच झाला असे धरून चालावे.

म्हणून प्रत्येक डोसआधी ठोके मोजतात. मनगटावर नव्हे, तर डाव्या स्तनाग्राजवळ स्टेथोस्कोप ठेवून, पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणले तर मधेच गळालेला ठोका हातून निसटतो. अर्भकात साधारण १०० च्या खाली आकडा आला तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवतात. नेमकी सीमा त्या बाळासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेलीच धरावी, कारण गाढ झोपेत निरोगी बाळाचेही ठोके उतरतात.

दूध ओढण्याचा कंटाळा, उलट्या, सुस्ती हीसुद्धा लक्षणे आहेत. अडचण अशी की हृदय दमलेले बाळही असेच वागते. मग हृदयाचा आजार वाढला असे समजून डोस वाढवला जाण्याचा धोका असतो. अशा वेळी डोसला हात लावण्याआधी ईसीजी, पोटॅशियम आणि मूत्रपिंडाची तपासणी करावी. ईसीजीवर एसटी भाग, म्हणजे ठोक्याच्या उंच टोकानंतरची रेघ, खोलगट दिसणे ही औषध चालू असल्याची खूण आहे, विषबाधेची नव्हे. पीआर अंतर, म्हणजे वरच्या कप्प्यातला संदेश खालच्या कप्प्यात पोचायला लागणारा वेळ, आधीच्या नोंदीपेक्षा लांबत जाणे मात्र दुर्लक्षू नये.

डोस बरोबर असूनही विषबाधा होते, तेव्हा कारण बहुधा पोटॅशियमपाशी सापडते. पोटॅशियम आणि डिगॉक्सिन त्याच पंपासाठी झगडतात. वरच्या उदाहरणातल्या बाळाचे पोटॅशियम फ्युरोसेमाइडने लघवीतून जात असते. त्यात जुलाब लागले तर ते आणखी घसरते, पंप डिगॉक्सिनला मोकळा मिळतो, आणि शरीरातले पाणी कमी झाल्याने मूत्रपिंडही औषध कमी टाकते. तोच ०.४ मिलीचा डोस दोन दिवसांत जड होतो. तालबिघाडावरचे अमिओडॅरोन हे औषध सुरू केल्यावर डिगॉक्सिनची पातळी चढते, म्हणून डोस साधारण निम्मा करावा लागतो.

रक्तातली पातळी मोजायची तर नमुना डोसनंतर किमान सहा ते आठ तासांनी, शक्यतो पुढच्या डोसच्या आधी घ्यावा. त्याआधी औषध ऊतींत उतरलेले नसते आणि आकडा फसवा चढलेला येतो. नवजात बाळाच्या रक्तात डिगॉक्सिनसारखे वागणारे नैसर्गिक पदार्थ असतात. त्यामुळे काही चाचण्या औषध न दिलेल्या बाळातही डिगॉक्सिन दाखवतात. केवळ आकड्यावरून विषबाधा ठरवत नाहीत, बाळ आणि ईसीजी दोन्ही पाहावे लागतात.

सौम्य प्रसंगात औषध थांबवून, सतत ईसीजीवर नजर ठेवून पोटॅशियम दुरुस्त करणे पुरते. एकदम मोठा डोस गेला असेल तर उलट पोटॅशियम वाढते, कारण असंख्य पंप एकाच वेळी बंद पडतात, आणि हे वाढलेले पोटॅशियम प्रसंगाचे गांभीर्य सांगते. तेव्हा डिगॉक्सिनला बांधून टाकणारे फॅब प्रतिपिंड शिरेतून देतात. ४० मिलिग्रॅमची एक कुपी साधारण ०.५ मिलिग्रॅम डिगॉक्सिन बांधते. वरच्या बाळाच्या पोटात दोन चुकीच्या डोसांतून ०.४ मिलिग्रॅम गेले. त्यातले ऐंशी टक्के शोषले गेले असे धरले तर ०.३२ मिलिग्रॅम, म्हणजे कुपीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग लागतो. फॅब दिल्यावर पोटॅशियम पटकन खाली येऊ शकते, म्हणून ते वारंवार तपासतात. त्यानंतर रक्तातली एकूण डिगॉक्सिन पातळी कित्येक दिवस अर्थहीन असते, कारण चाचणी बांधले गेलेले औषधही मोजते.