दम्याच्या मुलासाठी वर्गशिक्षकांना द्यायचं पत्र: कोणी द्यावं, सोबत काय जोडावं, इन्हेलरबद्दल काय लिहावं

डॉक्टरांनी दम्याचं निदान करून मुलाला रिलीव्हर, म्हणजे त्रास होताच घ्यायचा इन्हेलर, लिहून दिला असेल तर पालकांनी हे पत्र शाळेत द्यावं. त्रास वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच होतो म्हणून ते टाळू नये. क्वचित त्रास होणाऱ्या मुलाचा इन्हेलर नेमका घरी राहतो आणि त्याच्या दम्याची शाळेत कुणाला कल्पनाही नसते.

पत्रासोबत डॉक्टरांची सही असलेला अ‍ॅक्शन प्लॅन, म्हणजे त्रास वाढेल तसं काय करायचं याचा लेखी आराखडा, औषधाच्या चिठ्ठीची प्रत आणि शाळेने औषध द्यायला पालकांची लेखी संमती जोडावी. शाळेचा स्वतःचा छापील फॉर्म असेल तर तोही भरावा. इन्हेलर आणि त्याला लावायची नळी, म्हणजे स्पेसर, मुलाचं नाव लिहून द्यावेत, आणि इन्हेलरची मुदत पाहून घ्यावी. सकाळ-संध्याकाळ घ्यायचा प्रतिबंधक इन्हेलर मात्र सहसा घरीच ठेवावा. दोन्ही दप्तरात असले की घाईत चुकीचा हातात येतो.

खरी अडचण मजकुरात असते. ‘गरज पडल्यास इन्हेलर द्यावा’ असं बहुतेक पालक लिहितात. पण गरज कशी ओळखायची? तीस-चाळीस मुलांसमोर उभ्या असलेल्या शिक्षकांना छाती तपासता येत नाही. त्यांना जे दिसेल आणि ऐकू येईल तेच लिहावं. प्लॅनमध्ये हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन टप्पे असतात, त्यांना वर्गातल्या भाषेत उतरवायचं. चौथीतल्या एका मुलासाठीचा मजकूर साधारण असा होईल:

‘आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार. माझ्या मुलाला दमा आहे. एरवी तो खेळतो, पळतो, त्याला कुठल्याही तासाला वेगळं बसवू नये. खेळाच्या तासाआधी 15 मिनिटं तो 2 पफ घेतो, तेवढी आठवण करावी. तो सारखा खोकू लागला, छाती घट्ट वाटते म्हणाला किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर त्याला ताठ बसवावं, आडवं करू नये. इन्हेलर हलवून स्पेसरला लावावा, एक पफ सोडावा आणि त्याला स्पेसरमधून 4 ते 6 श्वास घेऊ द्यावेत. असे एकेक करून 4 पफ द्यावेत, दर वेळी इन्हेलर हलवावा. मग 4 मिनिटं थांबावं. फरक पडला नाही तर पुन्हा 4 पफ द्यावेत आणि मला फोन करावा. तरीही आराम नसेल तर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत दर 4 मिनिटांनी 4 पफ देत राहावं. त्याला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, तर माझ्या फोनची वाट न पाहता आधी रुग्णवाहिका बोलवावी आणि लगेच पफ सुरू करावेत.’

यातले आकडे या मुलाच्या प्लॅनमधले आहेत. तुमच्या पत्रात तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेलेच आकडे यायला हवेत.

शेवटच्या टप्प्याबद्दल आणखी एक ओळ आवर्जून घालावी. घरघर थांबली म्हणजे बरं वाटलं, असं गृहीत धरू नये. श्वासनलिका फार आवळल्या गेल्या की हवाच पुरेशी आत-बाहेर होत नाही आणि आवाजही बंद पडतो. मूल गप्प, थकलेलं, गळून गेलेलं दिसत असेल तर ती शांतता धोक्याची असते. उलट, पफनंतर हात थोडे थरथरले किंवा छाती धडधडली तर बहुधा तो औषधाचा परिणाम असतो आणि थोड्या वेळात ओसरतो. हे माहीत नसल्यामुळे पुढचे पफ द्यायला लोक घाबरतात.

इन्हेलर मुलाच्या दप्तरात असावा की शिक्षकांकडे, हे डॉक्टर, पालक आणि शाळा मिळून ठरवतात. मुलाला त्रास सुरू झाल्याचं स्वतःला कळतं का, ते वेळेवर सांगतं का आणि इन्हेलर नीट घेता येतो का, एवढं पाहायचं. लहान मुलांचा इन्हेलर वर्गातच, पण कुलुपाबाहेर ठेवावा. धाप लागलेल्या मुलाला एकट्याने ऑफिसात पाठवू नये, हेही पत्रात स्पष्ट लिहावं.

डबी रिकामी झाली की नाही हे हलवून कळत नाही. औषध संपल्यावरही आतला वायू फवारा देत राहतो, म्हणून आकडा दाखवणारा काउंटर पाहावा. काउंटर नसेल तर शाळेत किती पफ वापरले याची वहीत नोंद ठेवायला सांगावं. त्या नोंदीचा दुसराही उपयोग आहे: खेळाआधीचे पफ सोडून शाळेत वरचेवर इन्हेलर लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही असं समजून ती वही डॉक्टरांना दाखवावी.

पत्र दर शैक्षणिक वर्षी नवं द्यावं. मधे औषध बदललं किंवा मोठा झटका येऊन गेला तर जुना प्लॅन परत मागून घ्यावा आणि नव्याची एक प्रत खेळाच्या शिक्षकांनाही वेगळी द्यावी.