ॲसिड उडाले, सांडले तर: पहिली 20 मिनिटे

शाळेच्या प्रयोगशाळेत सल्फ्युरिक ॲसिडची सर्वाधिक धोक्याची वेळ म्हणजे संहत ॲसिड विरल करण्याची. हे काम शिक्षकांनी किंवा प्रयोगशाळा साहाय्यकांनीच करावे. वर्गासाठी 1 मोलरचे 100 मिली ॲसिड हवे असेल, तर 98 टक्क्यांचे संहत ॲसिड जेमतेम साडेपाच मिली लागते. आधी चंचुपात्रात 75 मिली थंड पाणी घ्यायचे. मग काचकांडीने ढवळत त्यात ॲसिड थोडे थोडे सोडायचे, निवू द्यायचे आणि शेवटी पाण्याने 100 मिलीपर्यंत भरायचे. नीट केले तर मिश्रण साधारण 20 अंशांनीच तापते.

उलट क्रमाने, म्हणजे ॲसिडमध्ये पाणी ओतले, की तीच उष्णता घात करते. संहत ॲसिड पाण्याच्या 1.84 पट जड असते, त्यामुळे पाणी वर तरंगते आणि दोन्ही मिळतात तेवढ्या पातळ थरात सगळी उष्णता कोंडते. तिथले पाणी क्षणात उकळते आणि ॲसिडचे थेंब सोबत घेऊन वर उडते. चंचुपात्रावर वाकून पाहणाऱ्याचा चेहरा नेमका त्याच वाटेत असतो.

म्हणून डोळ्यांवर गॉगल हवा, आणि तो रसायनांसाठीचाच हवा. नेहमीचा चष्मा पुढून येणारा थेंब अडवील, पण कडेने आणि भुवईवरून ओघळणारा अडवणार नाही. गॉगल कपाळाला आणि गालांना सगळीकडून टेकला पाहिजे. हवा खेळण्यासाठी त्याला छिद्रे असतात. ती सरळ आरपार असतील तर त्यातूनही थेंब आत जातो, म्हणून आडोसा असलेल्या छिद्रांचा गॉगल निवडावा. चष्मा असेल तर गॉगल त्याच्यावरून घालावा. तो कपाळावर चढवून ठेवण्याची सवय फार दिसते. तुमचे काम संपले तरी शेजारच्या टेबलावर प्रयोग चालू असतो, त्यामुळे सगळ्यांचे सामान आवरेपर्यंत गॉगल डोळ्यांवरच राहू द्या.

तरीही थेंब डोळ्यात गेलाच, तर त्या क्षणी नळ गाठायचा. काय उडाले, किती तीव्र होते, ही चौकशी पाणी चालू असतानाही करता येते. दुखणारा डोळा खालच्या बाजूला येईल असे डोके कलते करा, म्हणजे धुतलेले पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही. नळाची धार मंद ठेवा. वेदनेने पापण्या घट्ट मिटतात, म्हणून दुसऱ्या कुणीतरी त्या बोटांनी उघड्या धरायच्या आणि डोळा सगळ्या दिशांना फिरवायला सांगायचे. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती धुता धुताच काढायची, तिच्यासाठी धुणे थांबवू नये. असे घड्याळ लावून 20 मिनिटे. पाच मिनिटांत बरे वाटू लागते आणि तिथेच बहुतेक जण थांबतात, पण रसायन पापणीच्या आत दडून राहिलेले असू शकते. त्यानंतर डॉक्टरांकडे जायचेच, आणि बाटलीवरचे नाव लिहून सोबत न्यायचे. कॉस्टिक सोड्याचा थेंब असेल तर अधिकच घाई हवी. ॲसिडमुळे डोळ्याच्या पृष्ठभागावरची प्रथिने गोठतात आणि ते आत शिरायला थोडा तरी अडसर होतो. अल्कली ऊती विरघळवत आत जाते.

त्वचेवर पडले तरी उपाय पाण्याचाच: भिजलेले कपडे लगेच उतरवून तेवढाच वेळ वाहत्या धारेखाली धुणे. खाण्याचा सोडा लावून ॲसिड मारण्याचा मोह टाळा. त्या अभिक्रियेतही उष्णता निघते, आणि सोडा शोधण्यात, चोळण्यात धुण्याचा मोलाचा वेळ जातो.

सोडा उपयोगी पडतो तो टेबलासाठी. वर बनवलेल्या 1 मोलर ॲसिडपैकी 10 मिली सांडले, तर खाण्याचा सोडा दोन ग्रॅमांहून कमीच लागतो. तेवढेच संहत ॲसिड सांडले तर मात्र सुमारे 30 ग्रॅम लागतो. म्हणून संहत ॲसिडवर आधी कोरडी वाळू पसरून ते टिपून घ्यावे, हळूहळू सोडा टाकावा आणि हे काम मोठ्यांनीच करावे. लाकडाचा भुसा किंवा कागद वापरू नये, ॲसिडने ते करपतात. सोडा नेहमी कडेने सुरू करून मध्याकडे टाकायचा, म्हणजे फेसाबरोबर ॲसिड बाहेर पसरत नाही. नव्याने टाकलेला सोडा फसफसायचा थांबला, की ॲसिड संपले. मग ओल्या फडक्याने पुसून घ्या. इथे कॉस्टिक सोडा वापरणे चूक, कारण तो जास्त पडला तर एका दाहक पदार्थाच्या जागी दुसरा उरतो.

विरल ॲसिडचा शिंतोडा सुती कपड्यावर पडला तर लगेच काही दिसत नाही, म्हणून तो तसाच सोडला जातो. पण वाळताना उडून जाते ते पाणी. सल्फ्युरिक ॲसिड मागे राहते, तासातासाने तीव्र होत जाते आणि पुढच्या धुण्यात तिथे भोक पडते. खालच्या त्वचेलाही ते तसेच भाजू शकते. डाग ओला आहे तोवरच तो भाग भरपूर पाण्याने धुऊन काढावा.