पिवळा डाग हळदीचा की जुन्या तेलाचा?

फिकट सुती कुर्त्यावरचा जुना पिवळसर डाग पाहिला की तो हळदीचाच असणार असे आपण गृहीत धरतो. परंतु तेलाचा डाग महिनाभर कपड्यात राहिला की हवेशी संयोग होऊन तोही पिवळा, पुढे तपकिरी पडतो, आणि मग दोन्ही डाग डोळ्यांना सारखेच दिसतात. त्यांवरचे उपाय मात्र एकमेकांच्या उलट आहेत, कारण ऊन हळदीचा रंग घालवते आणि तेच ऊन तेलाला अधिक पक्के व पिवळे करते.

म्हणून आधी ओळख पटवावी. डागावर पाण्याचा एक थेंब ठेवला आणि तो लगेच शोषला न जाता मण्यासारखा उभा राहिला, तर तेथे तेल आहे; कापड उजेडासमोर धरल्यास असा भाग आरपार दिसल्यासारखा भासतो. डागाच्या एका टोकाला धुण्याच्या वडीच्या साबणाचे पाणी लावल्यावर तो भाग लालसर तपकिरी झाला, तर तेथे हळद आहे. या लाल रंगाने घाबरून जाऊ नये. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य क्षारात लाल होते आणि स्वच्छ पाण्याने धुतल्यावर पुन्हा पिवळे होते. डाग वाढला असे समजून तेथेच जोरात घासत बसल्याने सूत मात्र विरते. दोन्ही खुणा एकाच डागात दिसल्या, तर तो मिश्र डाग आहे, आणि स्वयंपाकाच्या फोडणीचे डाग बहुधा तसेच असतात.

कुर्त्याचा स्वतःचा रंग टिकवणे हा खरा प्रश्न असल्याने, जे काही वापरायचे ते आधी आतल्या शिवणीजवळ लावून, पाच मिनिटांनी पांढऱ्या कापडाने दाबून पाहावे. पांढऱ्यावर रंग उतरला, तर तो पदार्थ त्या कुर्त्यासाठी नाही. वनस्पतिजन्य रंगांच्या कापडाबाबत ही चाचणी कधीच टाळू नये, कारण असे अनेक रंग आम्ल आणि क्षार यांनी बदलतात.

माझ्या एका फिकट आकाशी कुर्त्यावर अंगठ्याएवढा, दोन महिन्यांचा आणि तीनदा धुऊनही राहिलेला मिश्र डाग होता. त्यावर मी आधी तेल काढले. कोरड्या डागावर भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे चार थेंब टाकून ते बोटाने हलकेच चोळले, अर्धा तास तसेच ठेवले आणि कोमट पाण्याने उलट बाजूने धुतले. उलट बाजूने धुतल्याने सुटलेले तेल धाग्यांत आणखी आत न जाता बाहेर पडते. हे तीनदा करावे लागले, आणि प्रत्येक वेळी वाळल्यावर पाण्याच्या थेंबाने तपासले. थेंब चटकन शोषला जाऊ लागला, तेव्हाच पुढचे पाऊल उचलले. मैदा किंवा पावडर टाकण्याचा उपाय ताज्या तेलावरच चालतो. जुन्या तेलात शोषून घेण्यासारखे काही उरलेलेच नसते.

आता उरला तो फिकट पिवळा रंग हळदीचा होता. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये मात्र विरघळते. त्यामुळे डागाखाली पांढरे कापड ठेवून, वरून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने टिपले, तेव्हा खालच्या कापडावर पिवळा ठसा उतरला (हे काम विस्तवापासून दूर, खिडक्या उघडून करावे). टिपल्यानंतर साध्या पाण्याने धुतले. तरीही पुसट छटा राहिली, आणि येथे उन्हाची वेळ आली.

हळद सुतावर सहज चढणारा रंग आहे, पण प्रकाशात ती फार लवकर विटते. कुर्त्याचे बहुतेक रंग तिच्यापेक्षा उन्हाला अधिक टिकतात. हा फरक आपल्या बाजूचा असला, तरी तो अमर्याद नाही. म्हणून मी कुर्ता ओलसर करून पसरला, डाग सोडून बाकीचा सर्व भाग दाट कापडाने झाकला आणि दर अर्ध्या तासाने पाहत राहिलो. दोन तासांनंतर छटा दिसेनाशी झाली. झाकलेला भाग आणि डागाच्या कडेचे उघडे कापड यांत फरक दिसू लागला असता, तर मी तेथेच थांबलो असतो.

क्लोरीनचा ब्लीच हळदीला लगेच खातो, पण कुर्त्याचा रंगही त्याच झपाट्याने खातो, आणि डागाच्या जागी पांढरा चट्टा उरतो. रंगीत कापडावर तो वापरूच नये. डाग पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत इस्त्रीही करू नये, कारण तिच्या उष्णतेने उरलेले तेल पक्के बसते. अनेकदा इस्त्री झालेला तेलाचा डाग मात्र पूर्ण न जाण्याचीच शक्यता अधिक असते, आणि त्यासाठी कुर्त्याचा रंग पणाला लावणे मला योग्य वाटत नाही.