गरोदरपणातली ग्लुकोज तपासणी: १४० बघायचं की १५३?

मुंबईत या तपासणीसाठी बायकांना पुन्हा बोलावलं जाऊ शकतं ते चुकीच्या तयारीमुळे किंवा चुकलेल्या वेळेमुळे. केसपेपर, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि माता-बाल कार्ड सोबत ठेवा, त्यात अडचण येत नाही.

आधी एकच विचारा: तपासणी उपाशीपोटी आहे की नाही? सरकारी कार्यक्रमातल्या पद्धतीत जेवून आलेलं चालतं. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून दिल्यावर दोन तासांनी एकदाच रक्त घेतात, आणि साखर १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. उपाशीपोटीच्या पद्धतीत रक्त तीनदा घेतात. उपाशी ९२, एक तासाने १८० आणि दोन तासांनी १५३ या मर्यादा आहेत, आणि यातली एक जरी गाठली तरी निदान होतं.

समजा, डोंबिवलीहून परळला आलेल्या एका बाईचे आकडे ८८, १७२ आणि १४८ आले. उपाशीपोटीच्या पद्धतीने ती पास, पण १४८ हा आकडा सरकारी पद्धतीने मधुमेहात मोडतो. म्हणून दुसऱ्या दवाखान्यात रिपोर्ट दाखवताना कोणती तपासणी झाली ते सांगाच. नुसता आकडा वाचून कुणी घाबरवलं किंवा निर्धास्त केलं, तर दोन्ही चूक.

उपाशी यायचं असेल तर आठ ते बारा तास काही खाऊ नका. पाणी चालतं, चहा नाही. रिपोर्ट चांगला यावा म्हणून काहीजणी आधीचे तीन दिवस भात-पोळी सोडतात. कृपा करून असं करू नका, त्याने साखर उलट वाढलेली दिसू शकते. नेहमीसारखं जेवा. केमिस्टकडून ग्लुकोज आणायला सांगितलं असेल तर पुडा १०० ग्रॅमचा असू शकतो. तो सगळा ओतायचा नाही, ७५ ग्रॅमच मोजून घ्यायला लावा.

आता घड्याळ. वेळ पहिल्या घोटापासून मोजायची, ग्लास संपल्यापासून नाही. ८:२० ला पहिला घोट, तर रक्त ९:२० आणि १०:२० ला. ग्लास पाच ते दहा मिनिटांत संपवा आणि मग बसून राहा, बाजारात चक्कर नको. रांगेमुळे दोन तासांचं रक्त १०:५० ला घेतलं, तर तोवर साखर उतरलेली असू शकते आणि मधुमेह निसटतो. एवढी साधी वेळ पाळायला गर्दीचं कारण चालणार नाही. पहिल्या घोटाची वेळ केसपेपरवर लिहून घ्या आणि वेळ झाली की स्वतः उठून सिस्टरना सांगा.

अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती लपवू नका, तपासणी दुसऱ्या दिवशी परत करावी लागते. बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टिरॉइडचं इंजेक्शन नुकतंच झालं असेल तर तेही आधी सांगा, कारण त्याने साखर काही दिवस चढलेली राहते.

पहिल्या भेटीत रिपोर्ट नॉर्मल आला, तरी २४ ते २८ आठवड्यांत तपासणी पुन्हा करायची असते. मधुमेह बहुधा त्याच सुमारास दिसू लागतो, म्हणून जुना रिपोर्ट दाखवून ती टाळता येत नाही.